एअरसॉफ्टची पहिली गन घेताना पॉवरचा आकडा कसा वाचायचा, आणि स्प्रिंग, गॅस की इलेक्ट्रिक?

प्रश्न: "पहिल्यांदाच एअरसॉफ्ट रेप्लिका घेतोय. एक स्प्रिंगवाली ४०० एफपीएसची आहे, एक इलेक्ट्रिक ३५० एफपीएसची, आणि एक गॅस पिस्तूल ३३० ची. म्हणजे स्प्रिंगवाली सगळ्यात पॉवरफुल ना? मैदानावर लिमिट असतं म्हणतात, मग कुठली घेऊ?"

नाही, बहुतेक उलटं असणार. एफपीएस म्हणजे फक्त वेग, सेकंदाला किती फूट एवढंच, आणि तो कुठल्या वजनाच्या प्लॅस्टिकच्या छर्र्याने मोजला हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. तुमची ४०० वाली स्वस्तातली स्प्रिंग गन असेल तर बॉक्सवर बारीक अक्षरात कुठेतरी ०.१२ ग्रॅम लिहिलेलं सापडेल बघा. हलका छर्रा वापरला की आकडा आपोआप फुगतो. इलेक्ट्रिकवाल्याने मात्र बहुतेक ०.२० ग्रॅमने मोजलेलं असतं, कारण मैदानावरही बहुतेक त्याच वजनाने मोजतात.

हिशोब करूनच बघू, अवघड काही नाहीये. एफपीएसला ३.२८ ने भागलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. मग छर्र्याचं वजन किलोत घ्यायचं, त्याला वेगाने दोनदा गुणायचं आणि निम्मं करायचं, जे येतं ते ज्यूल. ४०० एफपीएस म्हणजे साधारण १२२ मीटर, ०.१२ ग्रॅमच्या छर्र्याने उत्तर येतं ०.८९ ज्यूल. ३५० म्हणजे १०६.७ मीटर, ०.२० ग्रॅमने येतात १.१४ ज्यूल. म्हणजे ३५० वालीच जास्त ताकदवान निघाली. त्याच ४०० वाल्या गनमध्ये ०.२० चा छर्रा टाकला तर ती ३१० च्या आसपास येईल. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की किती ज्यूल, आणि कुठल्या छर्र्याने मोजलं. उत्तर देता आलं नाही तर तो आकडा सोडून द्या.

लिमिटही खरं तर ज्यूलमध्येच असतं. जपानात कायद्याने मर्यादा साधारण ०.९८ ज्यूल आहे, ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार फुल ऑटो चालणाऱ्या गनला १.३ आणि एकेक गोळी झाडणाऱ्यांना २.५ ज्यूल. बाकी ठिकाणी मैदानं स्वतःचे नियम ठेवतात, बऱ्याच ठिकाणी रायफलला ०.२० ग्रॅमने ३५० एफपीएस म्हणजे १.१४ ज्यूल, काही ठिकाणी ४०० म्हणजे जवळजवळ दीड ज्यूल, आणि बोल्ट ॲक्शन स्नायपरला ५०० पर्यंत म्हणजे २.३ ज्यूल, पण मग स्नायपरवाल्याने ठराविक अंतराच्या आत गोळी झाडायची नाही असाही नियम असतो. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो आणि तुमचं मैदान काय म्हणतं हे दोन्ही घेण्याआधी विचारा, घेतल्यानंतर नाही.

आता तीन प्रकार. स्पेसिफिकेशन बघून कन्फ्यूज होऊ नका, मी सरळ असं बघतो की हा ज्यूलचा आकडा सकाळी जो होता तो दुपारीही तोच राहतो का.

स्प्रिंगमध्ये राहतो. प्रत्येक गोळीला हाताने कॉक करायचं, स्प्रिंग दबते, सोडली की पिस्टन पुढे येतो आणि पुढची हवा छर्र्याला ढकलते, बस. थंडी असो ऊन असो, स्प्रिंगला फारसा फरक पडत नाही. बॅटरी नाही, गॅस नाही, बिघडायला फार काही नाही. पण एकेक गोळी हाताने भरून इलेक्ट्रिकवाल्यांसमोर उभं राहणं म्हणजे पहिल्याच दिवशी वैताग. घरात बंद खोलीत टार्गेटवर नेम धरायला, हॉप-अप, म्हणजे छर्र्याला उलटी फिरकी देऊन लांब नेणारं रबर, कसा काम करतो ते समजून घ्यायला मस्त. चांगल्या बोल्ट ॲक्शन स्नायपरही बहुतेक स्प्रिंगच्याच असतात, पण तो वेगळाच खेळ आहे, पहिली गन म्हणून नको.

इलेक्ट्रिकमध्येही खरं काम स्प्रिंगच करते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोटर आणि गिअर फक्त तुमच्या हाताच्या जागी कॉक करतात. म्हणून पॉवर ठरते ती गिअरबॉक्समधल्या स्प्रिंगने, बॅटरीने नाही. स्प्रिंगवर एम ९०, एम १००, एम १२० असे नंबर असतात, म्हणजे ०.२० चा छर्रा अंदाजे तेवढे मीटर प्रति सेकंद जाईल. एम १०० म्हणजे बरोब्बर १ ज्यूल, एम १२० म्हणजे १.४४. प्रत्यक्षात सील आणि बॅरलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. मैदानाचं लिमिट १.१४ असेल तर एम १०० वाली बहुतेक चालून जाईल. आणि गन घेताना विचारा की गिअरबॉक्स न उघडता स्प्रिंग बदलता येते का, क्विक चेंज म्हणतात त्याला. उद्या दुसऱ्या मैदानावर गेलात तर पाच मिनिटात स्प्रिंग बदलून मोकळे.

७.४ व्होल्टची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, काढून ११.१ ची लावली की पॉवर वाढते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फक्त मोटर जोरात फिरते, मिनिटाला जास्त गोळ्या सुटतात, आणि साध्या गनमध्ये ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळतात नाहीतर पिस्टनचे दात उडतात. पहिली बॅटरी ७.४ चीच घ्या. एका सेलचं व्होल्टेज ३.३ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, चार्जर बॅलन्सवाला हवा आणि चार्जिंग लावून झोपायचं नाही, एवढं पाळलं तर लायपो त्रास देत नाही. ट्रिगर दाबल्यावर नुसता टक आवाज येऊन काहीच झालं नाही तर बऱ्याचदा बॅटरी उतरलेली असते आणि गिअर अर्ध्यात अडकलेला असतो, लगेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचं नाही, आधी फुल चार्ज बॅटरी लावून बघा.

गॅसचं प्रकरण मजेशीर आहे आणि नवीन माणूस इथेच फसतो. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन, सोबत थोडं सिलिकॉन तेल. मॅगझिनमध्ये ते द्रवरूपात असतं आणि त्याचा दाब सगळा तापमानावर. २० अंशाला सुमारे ८ बार, ३५ अंशाला सुमारे १२ बार. म्हणजे सकाळी गारव्यात मोजून लिमिटच्या आत बसलेली पिस्तूल दुपारी उन्हात ठेवलेल्या मॅगझिनसोबत लिमिटच्या बाहेर जाऊ शकते, तुम्ही काहीही न करता. उलट थंडीत, किंवा धडाधड गोळ्या झाडल्या की आतलं द्रव उकळताना मॅगझिन गार पडतं, हाताला लागतं तेवढं गार, आणि मग शेवटच्या गोळ्या जवळच पडतात, स्लाइड मागे अडकत नाही. गन बिघडली असं वाटतं पण ती फक्त गार पडलेली असते, पाच मिनिटं ठेवा.

दुसरी गोष्ट जड छर्र्याची. तुमची ३३० वाली पिस्तूल ०.२० ने १.०१ ज्यूल देते. ०.३० चा छर्रा टाकला तर ताकद तेवढीच राहिली असती तर वेग २७० यायला हवा होता, पण गॅसवाल्यांत तो २९० वगैरे येऊ शकतो, आणि २९० म्हणजे १.१७ ज्यूल. १.१४ चं लिमिट ओलांडलं की! कारण जड छर्रा बॅरलमध्ये जास्त वेळ राहतो आणि तोपर्यंत मागून गॅस येतच राहतो. याला ज्यूल क्रीप म्हणतात. स्प्रिंग आणि इलेक्ट्रिकमध्ये सिलिंडरमधली हवा मोजकीच असल्याने हा प्रकार कमी असतो, मोठा सिलिंडर आणि छोटी बॅरल असेल तर तिथेही होतो म्हणा. म्हणूनच शहाणे मार्शल, म्हणजे मैदानावरचे पंच, विचारतात की आज कुठला छर्रा वापरणार, आणि त्याच छर्र्याने क्रोनो करतात. क्रोनो म्हणजे वेग मोजायचं यंत्र, छर्र्याचं वजन टाकलं की ज्यूल स्क्रीनवर दाखवतं.

सीओटू कॅप्सूलवाल्या पिस्तुलाबद्दल एवढंच सांगतो, त्यात दाब २० अंशाला ५५ बारच्या वर असतो, किक जबरदस्त, पण बहुतेकदा लिमिटपेक्षा जास्त निघते आणि पार्ट लवकर झिजतात. पहिली म्हणून घेऊ नका. आणि साध्या गॅसच्या मॅगझिनमध्ये ठेवून देताना थोडा गॅस शिल्लक ठेवा, एकदम रिकामं ठेवलं की सील सुकतात आणि मग पुढच्या वेळी भरताना खालून फुसफुस चालू.

माझ्या मते मैदानावर खेळायचं असेल तर ३५० वाली इलेक्ट्रिक घ्या, फक्त ०.२० ने मोजलेलं आहे ना ते विचारून. गॅस पिस्तूल चालवायला सगळ्यात मजा येते हे मान्य, पण ती दुसरी गन. घरीच नेमबाजी करायची असेल तर स्प्रिंग, पण मग ती ४०० ची म्हणून नाही तर ०.८९ ज्यूलची म्हणून घ्या.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी ०.२० ने हॉप-अप बंद करून दहा गोळ्या क्रोनोवर झाडून बघा. इलेक्ट्रिकमध्ये आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, पाच-दहा एफपीएसचा फरक चालतो. एक ३४०, एक ३१०, पुन्हा ३३५ असं येत असेल तर कुठेतरी हवा लीक होतेय, पिस्टनची ओ-रिंग, नोझल किंवा हॉप-अपचं रबर यातलं काहीतरी, वॉरंटीत असताना परत द्या.

चष्मा गनच्या आधी घ्या, आणि त्यावरचा शिक्का वाचा. युरोपियन ईएन १६६ मध्ये एफ अक्षर असेल तर तो ०.८६ ग्रॅमची स्टीलची गोळी ४५ मीटरच्या वेगाने झेलतो, म्हणजे फक्त ०.८७ ज्यूल, तुमच्या इलेक्ट्रिकपेक्षा कमी! बी अक्षर असेल तर तीच गोळी १२० मीटरने, म्हणजे ६.२ ज्यूल. बी वाला, चारी बाजूंनी चेहऱ्याला चिकटून बसणारा गॉगल घ्या, बाजूने उघडा असलेला चष्मा या खेळात चालत नाही.