प्लास्टर निघाले, तरी मूठ वळत नाही

प्रश्न : मनगटाचे प्लास्टर सहा आठवड्यांनी काढले. बोटे सुजून ताठ झाली आहेत. रोज चेंडू दाबतो, तरी मूठ वळत नाही.

चेंडू तूर्त बाजूला ठेवावा. बोटे त्याच्यावरच अडतात आणि शेवटचा जो वाक मिळवायचा असतो, तोच राहून जातो. हात स्थिर असताना सुजेतले पाणी स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांभोवती साचते, त्या आजूबाजूला चिकटू लागतात आणि म्हणून त्यांना सरकवणे हा खरा व्यायाम ठरतो.

बोटे सरळ करावीत. मग बोटांच्या मुळाचे सांधे सरळच ठेवून फक्त पुढची दोन पेरी आकड्यासारखी वाकवावीत. पुन्हा बोटे सरळ करून पूर्ण मूठ वळावी. बोटे वाकवणाऱ्या दोन कंडरा एकमेकींवरून सर्वांत जास्त सरकतात त्या आकड्याच्या स्थितीत, म्हणून ती घाईने उरकू नये. प्रत्येक स्थिती 5 सेकंद धरावी. अशी 10 आवर्तने, दिवसातून चार-पाच वेळा.

या वेळी मनगटाकडे लक्ष असू द्या. समजा, मूठ वळताना मनगट खाली झुकते आणि मधल्या बोटाचे टोक तळहातापासून 3 सेंटिमीटरवर थांबते. हात टेबलावर टेकवून, मनगट किंचित वर उचलून तीच मूठ वळल्यावर अंतर 2 सेंटिमीटर झाले, तर त्यातला एक सेंटिमीटर बोटांच्या ताठरपणाचा नव्हता, मनगटाच्या स्थितीचा होता. हे अंतर आठवड्यातून एकदा, मनगट त्याच स्थितीत ठेवून, पट्टीने मोजावे.

प्रश्न : सूज संध्याकाळी वाढते. शेक घ्यावा का?

दिवसभर हात खाली लोंबकळत राहिला की असे होते. हात हृदयाच्या पातळीहून वर आणि पंजा कोपराहून उंच ठेवून तिथेच मुठी वळाव्यात, कारण स्नायूंच्या हालचालीने पाणी परत ढकलले जाते. नुसता हात उंच धरून तेवढा उपयोग होत नाही. अंगठ्या काढून ठेवाव्यात. व्यायामाआधी दहा मिनिटे कोमट शेक चालतो, मात्र हात उंच ठेवूनच. शेकल्यावर सूज वाढत असेल, तर तो बंद करावा.

प्रश्न : घरच्यांनी जोर लावून बोटे वाकवली तर चालेल का?

नाही. त्याने ऊतींना नवी इजा होते आणि सूज वाढून ताठरपणाही वाढतो. दुसऱ्या हाताने स्वतःच, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतपत, 20 ते 30 सेकंद बोट धरावे. दुखणे तासा-दोन तासांहून जास्त टिकले किंवा दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली, तर जोर कमी करावा.

इजेच्या मानाने फारच जास्त, जळजळणारी वेदना, रंग बदललेली, चकचकीत किंवा घामेजलेली त्वचा, अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत बधिरपणा, यांपैकी काहीही असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. अंगठा एकाएकी वर उचलता येईनासा झाला तरीही तसेच करावे. हाड जागेवरून हललेले नसतानाही, काही आठवड्यांनी अंगठ्याची कंडरा तुटू शकते.