आकडे ठळक केले, तरी वेळ पटकन का कळत नाही?

«हॉलसाठी मराठी आकड्यांची डायल छापून घेतोय. आकडे चांगले जाड केले, तरी सोफ्यावरून वेळ पटकन कळत नाही. फॉन्ट बदलू का?»

फॉन्ट बदलू नका, आधी जाडी उतरवा. मी डिझायनर नाही, पण अगदी याच पायी माझे पैसे गेलेत.

आमच्या अभ्यासिकेसाठी २८ सेंमीच्या सहा डायल करायच्या होत्या. शेवटचं बाक आठ मीटरवर. अंतराला २०० ने भागायचं, या ढोबळ हिशोबाने आकडा ४० मिमी उंच घेतला. इथवर बरोबर होतं. फॉन्ट मुक्ता, आणि उठून दिसेल म्हणून त्यातलं सर्वांत जाड वजन, एक्स्ट्राबोल्ड. छपाईवाल्याकडे एक नमुना मागितला, तर म्हणे एक-एक छापत नाही, स्क्रीनवर बघून ओके करा. केलं. भिंतीवर लावल्यावर मागून फक्त एक काळं कडं दिसायचं. आकड्याची रेघ तास काट्यापेक्षा जाड झाली होती, त्यामुळे काटा त्यात हरवायचा. ६ आणि ९ च्या आतली पोकळी बुजलेली. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: "तुम्हीच ओके केलंत ना?" वर बिल पूर्ण!

वेळ आपण आधी काट्यांच्या कोनावरून वाचतो, आकडा फक्त खात्री करून देतो. स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्टेशनांवरच्या घड्याळावर (हिल्फिकर यांचं, १९४४) तर आकडेच नाहीत, नुसत्या रेघा आहेत. म्हणून माझ्या मते डायलवर सर्वांत जाड तास काटाच हवा. आमचा काटा ६ मिमी रुंद, तर दुसऱ्या खेपेला आकड्याची रेघ ५ मिमी ठेवली, म्हणजे उंचीचा आठवा भाग. काळ्या डायलवर पांढरे आकडे असतील तर त्याहूनही बारीक घ्या, कारण पांढरं फुगून दिसतं.

दुसरी खोच मराठी आकड्यांचीच. १०, ११, १२ आणि १ सगळे वरच्या बाजूला येतात, त्यामुळे डायलचं डोकं जड दिसतं. दोन अंकी आकडे मी साधारण दहा टक्के लहान केले आणि त्यांच्यातली फट थोडी कमी केली. फार जवळ मात्र आणू नका, ११ च्या दोन गाठी चिकटतात.

नमुन्यासाठी कोणाच्या विनवण्या नकोत. ए-३ कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढा, काळ्या कार्डशीटचे काटे कापून टाचणीने लावा आणि १०:१० ऐवजी ११:५७ वर ठेवा. १०:१० ला काटे मोकळेच असतात, खरी कसोटी काटे १२ पाशी जमले की लागते. मग सोफ्यावर बसून डोळे किलकिले करून बघा. काटे आधी दिसले पाहिजेत.

हो, आणि तुमचे काटे सोनेरी असतील तर बाकी सगळं सोडून आधी ते काळे रंगवा. ट्यूबलाइटखाली पांढऱ्या डायलवर सोनेरी काटा दिसत नाही.