परदेशी साइटवर पैसे डॉलरमध्ये द्यावेत की रुपयांत?

प्रश्न: १०० डॉलरची वस्तू घेतोय. पेमेंटच्या पानावर 'USD' आणि 'INR' असे दोन पर्याय दिसतात. भारतीय क्रेडिट कार्डाला कुठला स्वस्त?

उत्तर: बहुतेक वेळा डॉलर.

डॉलर निवडले की रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दराने करतं आणि त्यावर तुमची बँक मार्कअप, म्हणजे आपलं जादा शुल्क, लावते. बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, शिवाय मार्कअपच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. समजा दर ८५ रुपये आहे. मूळ रक्कम ८,५०० रुपये, मार्कअप २९७.५०, जीएसटी ५३.५५, एकूण ८,८५१.०५.

रुपये निवडले तर दर दुकानदाराची पेमेंट कंपनी ठरवते आणि तिचा नफा त्या दरातच दडलेला असतो. ५ टक्के चढा दर धरला तर ८,९२५ रुपये झाले. गंमत म्हणजे दुकानदार परदेशात नोंदलेला असल्याने काही बँका या रुपयांतल्या व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात. 'मी तर रुपयांतच दिले' ही तक्रार तिथे चालत नाही. कार्डाच्या शुल्कतक्त्यात हे शुल्क 'DCC' किंवा 'Dynamic Currency Conversion' या नावाखाली शोधा.

तुलना सोपी आहे: पानावरची रुपयांची रक्कम भागिले डॉलरची रक्कम. उत्तर व्हिसा-मास्टरकार्डच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरच्या दरापेक्षा ४.१३ टक्क्यांहून, म्हणजे ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावरच्या जीएसटीहून, जास्त असेल, तर डॉलरच घ्या. झिरो मार्कअप कार्ड असेल तर प्रश्नच नाही.

वस्तू परत केलीत तर परतावा त्या दिवसाच्या दराने येतो, आणि मार्कअप सहसा परत मिळत नाही.