शेवग्याच्या मुळाचा आणि सालीचा काढा

प्रश्न: तासगावात आमच्या बांधावरचा शेवगा वाऱ्यानं पडला. शेंगा खातोच, मग मुळं-साल उकळून काढा घेतला तर चालेल का?

उत्तर: नको. शेंगा, पाला, फुलं बिनधास्त खा, पण मूळ आणि साल पोटात घेऊ नका. मुळात, विशेषतः त्याच्या सालीत, स्पायरोचिनसारखी अल्कलॉइड द्रव्यं असतात आणि ती मज्जातंतूंवर घातक परिणाम करू शकतात. मूळ मोहरीसारखं झणझणतं, म्हणून काही ठिकाणी ते सोलून तोंडी लावतात. पण साल काढली तरी आतला गर निर्धोक ठरत नाही. उकळल्यानं विष जातं, असंही धरून चालू नका. गरोदर बाईला तर हा काढा अजिबात देऊ नका, गर्भपाताचा धोका असतो. पडलेल्या झाडाच्या जाड फांद्या मात्र पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर रोवा, सहज फुटतात.