सहलीत मूल मोजणीत कमी भरलं, तर अहवाल कसा लिहावा

मॅडम, अहवालात दोन वेळा वेगवेगळ्या लिहा: मुलं शेवटची पूर्ण भरली ती वेळ, आणि एक कमी आहे हे कळलं ती वेळ. नवीन शिक्षक फक्त दुसरी लिहितात. पण एक कमी आहे हे कळेपर्यंत मूल जास्तीत जास्त किती वेळ नजरेआड असू शकतं, हे या दोन्हींमधूनच कळतं.

समजा, वेरूळला कैलास लेण्यात शिरताना ११:४० ला ४० मुलं होती आणि १२:२५ ला बाहेर ३९ भरली. मग लिहा: "१२:२५ ला नावं पुकारली, हजेरी क्र. १७ नाही." नुसती डोकी मोजली असतील तर तसंच लिहा. त्यात दुसऱ्या शाळेचं मूल रांगेत मोजलं जाऊन आकडा बरोबर येऊ शकतो. पुढे कोण शोधायला गेलं, उरलेल्या मुलांजवळ कोण थांबलं, पहारेकऱ्याला, मुख्याध्यापकांना आणि पालकांना कधी कळवलं, हे क्रमाने द्या. वेळा आठवून लिहू नका, मोबाईलच्या कॉल यादीतून उतरवा.

मूल सापडल्यावर जागा, वेळ, कोणाला दिसलं, सोबत कोण होतं, दुखापत आहे का, हे लिहा. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घ्या: "मी वरच्या मजल्यावर हत्ती बघत होतो." त्याऐवजी "सूचना न पाळल्यामुळे" असं लिहिलंत, तर तो तुमचा निष्कर्ष झाला आणि पालक तिथेच हरकत घेतात.

अहवाल त्याच रात्री लिहा. सोबतच्या शिक्षकांची सही घ्या. नंतर काही आठवलं तर खाली तारीख घालून पुरवणी जोडा, मूळ ओळ खोडू नका.