पाचव्या प्रश्नावर अकरा मिनिटं

"मॅडम, मी आयईएल्टीएस कॉम्प्युटरवर देते. सरावात वेळ पुरतो. खऱ्या परीक्षेत मात्र रीडिंगमध्ये एक प्रश्न अडला की स्क्रीनवरच्या घड्याळाकडे लक्ष जातं, छाती धडधडते आणि पुढचं वाचलेलं डोक्यात शिरत नाही. प्रश्न सोडायचाही धीर होत नाही. काय करू?"

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा अनुभव तुम्हाला सांगते. तिची ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही. पहिल्या परीक्षेत तिसऱ्या उताऱ्यातले आठ प्रश्न तिने वाचलेसुद्धा नव्हते. "मला टेन्शन येतं," एवढंच ती सांगत होती. टेन्शन नेमकं कुठे येतं हे पाहायला मी तिला कॉम्प्युटरवर सराव परीक्षा लावून दिली आणि शेजारी वही घेऊन बसले.

पहिला उतारा दीपगृहांवर होता. पहिले चार प्रश्न सहा मिनिटांत झाले. पाचव्यावर ती थांबली ती अकरा मिनिटं. विधान होतं, दीपगृहाचे सगळे राखणदार कुटुंबासह राहत. True, False की Not Given ते ठरवायचं. उताऱ्यात एवढंच होतं की राखणदारासाठी दोन खोल्यांचं घर बांधलेलं असे. त्यात कोण राहायचं, याबद्दल अक्षरही नाही. म्हणजे उत्तर Not Given. पण ती कुटुंबाचा उल्लेख शोधत राहिली. असलेली गोष्ट सापडली की शोध थांबतो. नसलेली शोधायला बसलं की कुठे थांबायचं तेच कळत नाही. घाबरलेलं मन अशा प्रश्नात हमखास अडकतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पहिला उतारा संपला तेव्हा २९ मिनिटं गेली होती आणि २७ प्रश्न बाकी होते. धडधड सुरू झाली ती इथे. तोवर ती शांत होती.

म्हणून आम्ही भीतीच्या आधीची खूण शोधली. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचतेय असं लक्षात आलं, की थांबायचं. माऊसवरचा हात काढायचा, एक श्वास सावकाश, लांब सोडायचा. मग जे बरं वाटेल ते उत्तर निवडायचं, Review ची खूण करायची आणि पुढे जायचं. प्रश्न कोरा ठेवायचा नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि काहीतरी निवडलेलं असलं की मन त्या प्रश्नाकडे कमी ओढ घेतं.

सोडण्याचा आणखी एक फायदा तिला ठाऊक नव्हता. True, False, Not Given प्रकारात उत्तरं उताऱ्याच्या क्रमानेच येतात. चौथ्याचं उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आणि सहाव्याचं तिसऱ्यात सापडलं, तर पाचव्यासाठी फक्त त्यांच्या मधला मजकूर पाहायचा. तिथे काहीच नसेल तर Not Given. म्हणजे पुढे जाऊन परत आल्यावर तोच प्रश्न सोपा झालेला असतो. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे असं विचारणाऱ्या प्रश्नांना हा क्रम लागू नाही, म्हणून ती ते उताऱ्याच्या शेवटी करू लागली.

घड्याळ बघायचं नाही असं ठरवून जमत नाही. मी तिला दोन आकडे दिले: ४३ मिनिटं उरली की दुसरा उतारा, २३ उरली की तिसरा. उतारे कठीण होत जातात, म्हणून पहिल्याला १७, दुसऱ्याला २० आणि शेवटच्याला २३ मिनिटं. घड्याळाकडे नजर गेली तर विचारायचं एकच, आकड्याच्या पुढे आहे की मागे. मागे असेल तर उरलेले प्रश्न अंदाजाने भरून पुढचा उतारा उघडायचा.

सर्वांत अवघड गेला तो सोडण्याचा सराव. प्रत्येक बैठकीत येत असलेले तीन प्रश्न मी तिला मुद्दाम अर्धवट सोडायला लावायचे. पहिल्यांदा ती रडवेली झाली. तिसऱ्या बैठकीत म्हणाली, "रुखरुख पुढच्या दोन प्रश्नांपर्यंतच टिकते." तिला सात बँड हवे होते, त्यासाठी ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर लागतात. जवळपास दहा प्रश्न चुकले तरी चालतात, हे गणित मी तिला कागदावर मांडून दाखवलं.

तुम्ही दुसरी परीक्षा देणार असाल तर नियम आधी बघा. पीटीईत किंवा ड्युओलिंगोच्या परीक्षेत पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. तिथे खूण करून ठेवणं नसतं, अंदाज करून तो प्रश्न तिथेच संपवावा लागतो. आयईएल्टीएसच्या लिसनिंगमध्येही ऑडिओ एकदाच वाजतो, तेव्हा हुकलेल्या उत्तराचा विचार सोडून पुढचा प्रश्न वाचायला घ्या.

दुसऱ्या परीक्षेनंतर तिने फोन केला. सात प्रश्नांवर खूण केली होती, परत आल्यावर चार सुटले, तीन अंदाजावरच ठेवले. तिसरा उतारा उघडला तेव्हा घड्याळात २२ मिनिटं होती.