दुप्पट स्पीडला सातपट ओढ, प्रयोग चुकला का?

"सर, मी बारावीला आहे. प्रोजेक्टसाठी एक मीटरचं होडीचं मॉडेल टँकमध्ये ओढलं. सेकंदाला ०.६ मीटरला २२ ग्रॅम ओढ आली, १.२ ला १५५. चौपट यायला हवी होती ना? एवढं चुकत असेल तर नेव्हल आर्किटेक्चर घेऊ का?"

अरे, बराचसा आकडा खरा आहे. चौपटीचा हिशोब साधारण घर्षणाला चालतो, पण होडी लाटाही उठवते आणि त्याला लागणारा जोर स्पीडबरोबर फार झपाट्याने वाढतो. होडीबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी स्पीडच्या वर्गाने वाढते. ०.६ ला ती साधारण २३ सेंटीमीटर, म्हणजे होडीच्या अंगाला चारेक छोट्या लाटा, पण १.२ ला ती ९२ सेंटीमीटर होते, जवळपास होडीएवढीच, मग एक उंचवटा नाकाशी, दुसरा शेपटीशी आणि मधल्या खड्ड्यात होडी बसलेली. अजून स्पीड वाढवलास तर मागचा उंचवटा होडीच्या मागे सरकतो, शेपटी खाली बसते आणि होडी आपल्याच लाटेवर चढत राहते. बाजूने व्हिडिओ काढ, स्पष्ट दिसेल.

पण मला शंका आहे ती तुझ्या २२ वर. छोट्या गुळगुळीत मॉडेलवर कमी स्पीडला पुढच्या भागात पाणी शांत थरांनी सरकतं, मोठ्या जहाजावर तसं होत नाही, म्हणून घर्षण खोटं कमी येतं आणि तुझी पट उगाच फुगते. नाकापासून पाचेक सेंटीमीटर मागे बारीक वाळूची अरुंद पट्टी चिकटव, म्हणजे ते शांत थर तिथेच मोडतील, आणि परत ओढ. २२ चे २६-२७ झाले आणि १५५ फारसे हलले नाहीत, तर चोर सापडला. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबतोस ना? पाण्यावर कागदाचा कपटा टाकायचा, तो हलायचा थांबला की मगच पुढची फेरी, कारण आधीच्या फेरीचं पाणी त्याच दिशेला वाहत असेल तर ओढ कमीच दिसणार. कॉलेजात आमचे टँकवरचे तास ओढण्यापेक्षा थांबण्यातच जास्त जायचे.

घर्षण आणि लाटा वेगळ्या मोजायच्या ही युक्ती इंग्रज इंजिनिअर विल्यम फ्रूडची, त्याने 1872 मध्ये इंग्लंडात टॉर्कीला टँक चालू केला आणि नुसत्या फळ्या ओढून घर्षण मोजलं. लाटांचा भाग मॉडेलवरून जहाजाला लावता येतो, घर्षणाचा तसाच लावता येत नाही, म्हणून तुझी वाळूची पट्टी महत्त्वाची.

आता कोर्सचं. हा प्रकार आवडला म्हणून आख्खी ब्रँच आवडेलच असं नाही हं, कारण त्यात स्थिरता, स्ट्रक्चर, ड्रॉइंग भरपूर आहे आणि आकारांची पहिली चाळणी आता बहुतेक कॉम्प्युटरवरच होते, टँकमध्ये निवडक मॉडेल येतात. फिजिक्स-मॅथ्स मनापासून करत असशील तर फॉर्म भर. त्याआधी एक कर, ०.४ पासून १.४ पर्यंत दर ०.१ ला तीन-तीन फेऱ्या घे आणि ग्रॅमला स्पीडच्या वर्गाने भागून ग्राफ काढ. रेष वर कुठे वळते आणि डावीकडे खाली पडते का, ते बघून मला परत लिही.